शब्दशोध काढू नका

महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या कॅटलॉगमधून जुना शब्दशोध हटवावा आणि त्याच्या जागी व्हेक्टर डेटाबेसवर चालणारा अर्थशोध बसवावा, असा आग्रह आता सुरतेसारख्या शहरांतही धरला जाऊ लागला आहे. अर्थशोध हवाच. माझा विरोध आहे तो शब्दशोध काढून टाकण्याला.

आधी समोरच्या पक्षाचे खरे बळ मान्य करू. लिंबायत किंवा उधना भागातल्या खानदेशी घरातली मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकून महाविद्यालयात येते आणि ‘तापीला पूर का येतो’ असे टाइप करते. पुस्तक मात्र इंग्रजी, समजा ‘फ्लड मॅनेजमेंट इन लोअर तापी बेसिन’. शब्दशोध अक्षरे जुळवतो. इथे लिपीच वेगळी, म्हणून उत्तर शून्य. `multilingual-e5-base` सारखे मॉडेल मात्र तिचा प्रश्न आणि पुस्तकाची नोंद या दोहोंचे 768 आकड्यांच्या ओळींत रूपांतर करते. अर्थ जवळचा असेल तर या ओळीही एकमेकींजवळ येतात, भाषा कोणतीही असो. 2006च्या पुरावरचे, उकाई धरणावरचे पुस्तक तिला अशा रीतीने सापडू शकते. एवढ्या एका कारणासाठीही ही सोय करावी.

पण याच आकड्यांच्या ओळीत नेमकेपणा विरघळतो. शिवाजी महाराजांनी सुरत दोनदा लुटली, 1664 आणि 1670 मध्ये. इतिहासाच्या विद्यार्थ्याला फक्त पहिल्या स्वारीवरचे लेखन हवे आहे. दोन्ही नोंदींत शहर तेच, महाराज तेच, घटना त्याच जातीची. सालाचा फरक 768 आकड्यांत इतका क्षीण उमटतो, की 1670चे पुस्तक सहज वर येते. आयएसबीएन, दाखल क्रमांक, लेखकाचे आडनाव यांचेही तेच. शब्दशोधाला 1664 म्हणजे 1664च. हे त्याचे मागासलेपण नव्हे, हेच त्याचे काम आहे.

‘अर्थशोध कधीच रिकाम्या हाताने परत पाठवत नाही’ हा मुद्दा गुण म्हणून मांडला जातो. मला तो सर्वांत मोठा दोष वाटतो. सर्वांत जवळची दहा पुस्तके आणा म्हटले, की तो दहा आणतोच, मग ती कितीही दूरची असोत. ‘ठरावीक गुणांखालची उत्तरे दाखवू नका’ असे सांगून हे सहज सुटत नाही. या ई5 मॉडेलचे साम्यगुण बहुधा 0.7 ते 1.0 एवढ्याच पट्ट्यात दाटलेले असतात, त्यामुळे संबंध नसलेले पुस्तकही पाऊण गुण मिळवून बसते. आपल्याकडे एखादे पुस्तक नाही, हे ग्रंथपालाला कळले पाहिजे. नव्या खरेदीची यादी त्यावरूनच होते.

तिसरा दावा खर्चाचा. खास व्हेक्टर डेटाबेस विकत घेतल्याशिवाय हे चालणारच नाही, असे सांगतात. हिशेब करून पाहा. 40,000 नोंदी, प्रत्येकीचे 768 आकडे, प्रत्येक आकड्याला 4 बाइट. एकूण सुमारे 123 एमबी. प्रत्येक प्रश्न सगळ्या नोंदींशी ताडून पाहायला जेमतेम तीन कोटी गुणाकार लागतात आणि साधा संगणक ते क्षणात करतो. कोट्यवधी नोंदींसाठी बनवलेली, थोडी अचूकता सोडून वेग घेणारी यंत्रणा इथे कशाला?

मग करावे काय? दोन्ही शोध शेजारी चालवावेत आणि त्यांच्या याद्या क्रमांकांवरून एकत्र कराव्यात. प्रचलित रीत अशी: प्रत्येक यादीतल्या क्रमांकात 60 मिळवायचे, त्या बेरजेने 1 ला भागायचे आणि दोन्ही याद्यांतले गुण एकत्र करायचे. 1664चे पुस्तक शब्दशोधात पहिले, अर्थशोधात आठवे आले, तर 1/61 अधिक 1/68, म्हणजे 0.031. 1670चे पुस्तक अर्थशोधात पहिले आले, पण शब्दशोधात आलेच नाही, तर त्याला 1/61, म्हणजे 0.016. हवे ते पुस्तक वर राहिले. तापीच्या प्रश्नात शब्दशोध गप्प बसतो, तिथे अर्थशोधाची यादी जशीच्या तशी पुढे येते. दाखल क्रमांक टाकला, तर मात्र फक्त शब्दशोधच चालावा.

पैसा उरला तर तो नोंदींवर घालावा. मार्क नोंदीतला 520 हा सारांशाचा रकाना अनेक ठिकाणी कोराच असतो. मग तीन-चार शब्दांच्या शीर्षकातून मॉडेल तरी किती अर्थ काढणार? तिथे दोन वाक्ये लिहिली, आणि मराठी-गुजराती शीर्षके रोमनबरोबर मूळ लिपीतही भरली, तर दोन्ही शोध सुधारतात.

ग्रंथपालांना विनंती एवढीच, की करारावर सही करण्याआधी वाचकांनी खरोखर विचारलेले पन्नास प्रश्न आणि त्यांची योग्य पुस्तके लिहून काढा. त्यांत मराठी, गुजराती, साल आणि क्रमांक असलेले प्रश्न घ्या, तसेच ज्यांचे पुस्तक आपल्याकडे नाहीच असेही काही घ्या. जुना शोध, नवा शोध आणि दोन्ही मिळून, अशा तिन्ही रीतींनी योग्य पुस्तक पहिल्या दहांत येते का, आणि पुस्तकच नसलेल्या प्रश्नांना उत्तर रिकामे राहते का, ते मोजा आणि मगच ठरवा.