नमुनेदार पाण्याचा नमुना

आमच्या गावच्या कुंभारवाड्यातील एका बाईने नगरपालिकेच्या पाणीखात्याला दिलेला अर्ज आणि त्यावर खात्याने धाडलेला जबाब, असे दोन्ही कागद आमच्याकडे आले आहेत. अर्ज दोन पानांचा आहे, जबाब तीन ओळींचा. जबाबात म्हटले आहे की, आपल्या भागातील नमुना तपासला असता पाणी पिण्यास योग्य आढळले. आपली खाजगी नळजोडणी जुनी असल्याने ती स्वखर्चाने बदलून घ्यावी. पाणी उकळून प्यावे. योग्य ठरलेले पाणी उकळून का प्यावे, हे मात्र साहेबांनी लिहिले नाही!

पाणी घाण येते, मायबाप सरकारने दखल घ्यावी, असे रडगाणे बाईंच्या अर्जात नाही. बाई लिहितात की, आमच्या आळीला एक दिवसाआड पहाटे पाच वाजता पाणी सुटते व पाऊण तासाने बंद होते. पहिले आठ-दहा हंडे मातकट असतात व त्यांस गटाराचा वास येतो. मग वास जातो, गढूळपणा कमी होतो आणि शेवटचा हंडा स्वच्छ भरतो. वरच्या आळीला पहिल्यापासून स्वच्छ पाणी असते. घाण येते ती तेलघाण्याच्या कोपऱ्याखालच्या अकरा घरांत, आणि त्याच कोपऱ्यावर नळ गटाराखालून जातो. अकरांपैकी एका घराने गेल्या वर्षी आपली जोडणी नवी घातली, त्यालाही तेच पाणी मिळते.

आमचे म्हणणे असे की, या अर्जात दुखणे व त्याची जागा दोन्ही सांगून झाली आहेत. नळ फुटका असला तरी त्यात पाण्याचा जोर आहे तोवर पाणी बाहेर गळते, आत काही शिरत नाही. पण पाणी बंद झाले की नळ रिकामा होतो, आणि गळतीच्या त्याच भोकातून भोवतालचे गटाराचे पाणी आत उतरते. दोन दिवस ते नळात साचते. पहाटे चावी फिरली की नवे पाणी त्या घाणीला पुढे ढकलते, आणि ती प्रथम आमच्या हंड्यांत पडते. म्हणूनच पहिले हंडे घाण व शेवटचे स्वच्छ. साऱ्या गावाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत गढूळ पाणी आले असते तर दोष पाणी गाळण्याच्या केंद्रात धरला असता. एकाच घराला आले असते तर त्याची टाकी किंवा जोडणी तपासली असती. येथे अकरा घरे, एक कोपरा आणि नवी जोडणी असूनही तीच घाण! मग जुन्या जोडणीचा ठपका कसा ठेवता?

आता तो नमुना पाहा. खात्याचा माणूस पाणी बंद होण्याच्या थोडे आधी आला, नळ थोडा वेळ वाहू दिला आणि बाटली भरून गेला. नळ दोन-तीन मिनिटे वाहू द्यावा असा नियम आहे, हे आम्ही जाणतो; घरातल्या तोटीचा दोष मुख्य नळावर येऊ नये म्हणून तो केला आहे. पण जेथे रोग पहिल्या पाण्यात आहे तेथे शेवटचे पाणी तपासणे म्हणजे चोर निघून गेल्यावर पंचनामा करणे होय. एक बाटली पाणी सुटताच भरावी, दुसरी अर्ध्या तासाने, आणि दोहोंवर वेळ लिहून शेजाऱ्याची सही घ्यावी. बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी, लोणच्याची चालत नाही. प्रयोगशाळेच्या निर्जंतुक बाटलीत क्लोरीन थांबवणारे औषध असते. ते नसेल तर पाण्यातले क्लोरीन वाटेतही जंतू मारीत राहते आणि घाण पाणी परीक्षेत पास होते. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवावी.

क्लोरीन मात्र जागेवरच पाहावे, कारण ते बाटलीत टिकत नाही. ग्रामपंचायतींचे जलसुरक्षक ही परीक्षा रोज करतात: पाण्यात औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. (ते औषध विषारी आहे, पोरांच्या हाती देऊ नये व तपासलेले पाणी ओतून द्यावे.) घरापर्यंत पोचलेल्या पाण्यात दर लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन असावे असे भारतीय मानक सांगते. पाणी सुटताच वरच्या आळीपासून एकेक घर उतरत जावे. जेथे पिवळा रंग नाहीसा होतो त्याच्या आसपास खणावे. गटाराची घाण क्लोरीन खाऊन टाकते, म्हणून ही खूण सापडते. एका पहाटेचे हे काम; पण त्यासाठी साहेबाला पाच वाजता उठावे लागेल!

कोणी म्हणेल, मग क्लोरीन वाढवा म्हणजे झाले. तसे नव्हे. दिल्लीत 1955 च्या अखेरीस सांडपाणी यमुनेवरील जलकेंद्राच्या तोंडाशी शिरले. तेथे क्लोरीन वाढवले होते, त्यामुळे पटकी व विषमज्वराची साथ उठली नाही. पण सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. घाण आत येणे थांबवल्यावाचून औषधाचा भरवसा नाही.

साहेब असेही म्हणतात की, तुमचे लोक नळाला मोटार लावतात. लावतात, आणि ते वाईट आहे. मोटारीच्या ओढीने गटाराचे पाणी आणखी आत येते. आमच्या वाचकांनी ती काढावीच. पण खालच्या आळीत पाण्याला जोर नाही म्हणून मोटार आली. जोर का नाही, हे खात्याने सांगावे.

महाडास 1927 साली अस्पृश्य मानलेल्या माणसांनी तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा ते विटाळले असे ठरवून सनातन्यांनी 108 घागरी पंचगव्य ओतून ते शुद्ध केले. आज कुंभारवाड्याच्या नळात खरोखरीचे गटार मिसळते, आणि कारकूनशाही एका शिक्क्याने ते शुद्ध करते. तेव्हाची घागर शेणाची होती, आताची शाईची आहे, एवढाच काय तो सुधारणेचा फरक! आणि उकळायला गॅस कोणाच्या पदरचा? मडकी विकून पोट भरणाऱ्या घराने रोजचे पाणी उकळावे आणि पाणीपट्टीही पुरी भरावी, हा न्याय कोणत्या पेठेत लागू आहे?

1965 च्या नगरपरिषद कायद्याने पाणीपुरवठा हे नगरपालिकेचे बंधनकारक काम आहे, मेहेरबानी नव्हे. तेलघाण्याचा कोपरा खणून गटाराखालचा नळ वर उचलावा, ही आमची मागणी आहे. ते होईपर्यंत अकरा घरांस पहाटे टँकर द्यावा. बाईंनी दुसरा अर्ज दिला असून त्यावर आवक क्रमांक व तारीख घेतली आहे. त्याबरोबर माहितीच्या अधिकाराखाली 10 रुपयांचे तिकीट लावून कुंभारवाड्याच्या तीन महिन्यांच्या क्लोरीन नोंदींची नक्कलही मागितली आहे. जबाबाची मुदत 30 दिवसांची आहे. त्या नोंदी येताच आम्ही तारीखवार छापू. न आल्यास त्यांची जागा अंकात कोरी सोडून वर खात्याचे नाव घालू.