आधी पाणी, मग झाडू

शांती नगरमधल्या शेजाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. गावाहून परत आल्यावर बाल्कनीचं दार उघडलंत आणि कोपऱ्यात, एसीच्या मागे, कठड्यावर कबुतरांनी घाण करून ठेवलेली दिसली, तर हात आधी झाडूकडे जाऊ देऊ नका. वाळलेली शीट झाडली की तिची बारीक पूड उडते, आणि आपल्या बाल्कन्या इतक्या चिंचोळ्या की ती थेट नाकात जाते. 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावर एवढा वाद झाला, तोही फुफ्फुसांच्या त्रासावरूनच. ही पूड वारंवार छातीत गेली की काहींच्या फुफ्फुसांना सूज येते. कोरडा खोकला आणि जिना चढताना लागणारी धाप ही त्याची खूण. असा त्रास रेंगाळत असेल तर डॉक्टरांना खोकल्याबरोबर कबुतरांचंही सांगा. तुम्ही सांगितलं नाही तर त्यांना कळणार कुठून?

महिनाभर बंद राहिलेल्या एखाद्या बाल्कनीचंच उदाहरण घेऊ. खाली साधी टाइल, कठड्यावर कडाप्पा, पुढे रंगवलेली लोखंडी ग्रिल, आत एक प्लास्टिकची खुर्ची. दम्याचं माणूस आणि मुलं आतल्या खोलीत पाठवा, मधलं दार लावून घ्या, पंखा बंद करा. तोंडाला एन-95 मास्क लावा, कारण ओढणी किंवा रुमाल ही पूड अडवत नाही. हातात रबरी मोजे घाला.

शिटेवर जुनी वर्तमानपत्रं पसरा आणि त्यांवर मगाने हळूहळू साबणाचं पाणी ओता. जोरात फेकलंत तर पाण्याच्या धक्क्यानेही पूड उडते. पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या. मग तो लगदा कागदासकट एखाद्या जुन्या प्लास्टिकच्या झाकणाने खरवडा, पिशवीत भरा आणि तोंड बांधून कचऱ्यात द्या. मोरीच्या जाळीत ढकलू नका. पिसं आणि काड्या पाइपात अडकतात आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी बाल्कनीतच तुंबतं.

एवढं करूनही टाइलवर पांढरट वर्तुळ उरतं आणि माणूस वैतागतो. पक्ष्यांची लघवी वेगळी नसते, ती त्या पांढऱ्या भागातच असते, आणि तो पाण्यात जवळपास विरघळतच नाही. त्याला धुण्याचा सोडा लागतो. लिटरभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर सोडा घालून दहा मिनिटं ठेवा आणि ब्रशने घासा. तरीही डाग गेला नाही, तर तो बहुधा बोअरच्या जड पाण्याच्या क्षाराचा आहे. टाइलवर असेल तर व्हिनेगरने निघेल. कडाप्प्यावर मात्र व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड लावू नका. हा चुनखडीचाच दगड. अ‍ॅसिडने त्याची झिलई जाते आणि ती घासून परत येत नाही.

सोडाही सगळीकडे चालत नाही. स्लायडिंग खिडकीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी त्याने काळवंडते आणि ग्रिलचा ऑइलपेंट मऊ पडतो. तिथे भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब घातलेलं कोमट पाणी आणि जुना सुती बनियन पुरतो. रस्त्यावरच्या धुरामुळे ग्रिलवर बसणारी काळी चिकट धूळ तेलकट असते. नुसत्या ओल्या फडक्याने ती पसरते, साबणाने सुटते. वरून खाली पुसत या, आणि बादलीतलं पाणी काळं झालं की बदला. पुसल्यावर लोखंड कोरडं करा. खाडीच्या दमट हवेत शिटेखालचा रंग आधी फुगतो आणि मग गंज आत शिरतो. फुगवटा दिसला तर तेवढाच भाग खरवडून रेड ऑक्साइड लावून घ्या. खुर्ची सोड्याच्या पाण्याने स्वच्छ निघते. वेताची असेल तर भिजवू नका, पिळलेल्या फडक्याने पुसा.

एक धोका मात्र नीट लक्षात ठेवा. शीट असताना तिच्यावर ब्लीच ओतू नका. शिटेतल्या अमोनियाशी मिळून त्यातून घातक वाफ निघते. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद ग्रिलच्या बाल्कनीत तो फार लवकर गुदमरवतो.

पाण्याचंही पाहा. आपल्याकडे नळ ठरावीक वेळेला येतो, पण या सगळ्या कामाला दोन बादल्या पुरतात. पाइप लावून धुतलंत तर खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ते पाणी पडेल. आधी हाक मारून सांगा, म्हणजे काकू कपडे काढून घेतील.

एसीमागे घरट्यात अंडी असतील तर साधारण अठरा दिवसांत पिल्लं निघतात आणि पुढच्या महिना-सव्वा महिन्यात उडून जातात. तेवढं थांबा. घरटं रिकामं झालं की ते भिजवून काढा आणि त्याच दिवशी जाळी लावून घ्या, कारण तीच जोडी लवकरच पुन्हा काड्या आणायला लागते.