भरतीची वेळ आणि शाळेची घंटा

गेल्या कार्तिकांत आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ हातांत एक अर्ज घेऊन मजकडे आले. "मास्तर, मुख्याध्यापकांनीं हा परत पाठविला. तुम्हीं पस्तीस वर्षें असले अर्ज वाचलेत. यांत चुकलें काय तें सांगा." अर्ज त्यांच्या नातीसाठीं होता. मुलगी आठवींत शिकते. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबर महिन्यांत राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरत आली आहे. तींतील दोन किलोमीटरच्या शर्यतीसाठीं तिचें नांव नोंदविलें होतें. अर्जांत मोजून चार ओळी होत्या, आणि मागणें एवढेंच कीं, "सरावासाठीं व स्पर्धेसाठीं मुलीस एक महिना शाळेंतून सूट मिळावी."

हा अर्ज मजपुढें आला असता तर मींही तो परत पाठविला असता. मुख्याध्यापकांच्या मनांत क्रीडेविषयीं अप्रीति होती असें नाहीं. अडचण निराळीच होती. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनीं चढणाऱ्या ज्या शालेय क्रीडास्पर्धा शासनाच्या क्रीडाखात्यामार्फत होतात, त्यांत मुलाचा प्रवेश शाळेमार्फतच जातो. प्रवेशपत्रावर मुख्याध्यापकांची सही असते, आणि मूल गैरहजर राहिलें तरी शाळेच्याच कामाला गेलेलें असतें. चिवल्याची स्पर्धा जिल्ह्याची व राज्याची जलतरण संघटना भरविते. तेथें नांव पालक परस्पर नोंदवितात. शाळेला त्याची वार्ताही नसते. म्हणून अशा वेळीं पालकानें प्रथम पुरावा द्यावा लागतो, आणि मग नेमके दिवस मागावे लागतात. पहिल्या अर्जांत दोहोंपैकीं कांहींच नव्हतें.

"पण महिना कशाला?" मीं विचारलें. आजोबा म्हणाले, "समुद्राची वेळ रोज बदलते. शाळेचें वेळापत्रक काय, भिंतीवर टांगलेलें." हें मात्र खरें होतें, आणि येथेंच त्या अर्जाचें मर्म होतें.

आमच्या किनाऱ्याला भरती रोज सुमारें पाऊण तासानें पुढें सरकते. जुन्या माणसांचें गणित ठाऊक असेलच: तिथीची पाऊणपट केली कीं भरतीचा तास निघतो. नवमी असेल तर नऊ त्रिक सत्तावीस, भागिले चार, म्हणजे पावणेसात. हें गणित स्थूल आहे. गांवागांवाप्रमाणें अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून पक्की वेळ छापील तक्त्यावरूनच घ्यावी. पण बेत आंखावयास तें पुरेसें आहे. आम्हीं पंचांग मांडून बसलों.

मुलीला पोहावयास हवी भरलेली, शांत समुद्राची सकाळ. ओहोटींत खडक उघडे पडतात. दुपारीं समुद्रावरून खारा वारा सुटला कीं पाण्यावर लाटांची खळबळ होते. आणि उजाडण्यापूर्वीं, म्हणजे त्या दिवसांत पावणेसातच्या आधीं, मुलाला पाण्यांत सोडावयाचें नाहीं. या तिन्ही अटी लावल्या तेव्हां पंधरवड्यांतील चारच तिथी उरल्या: अष्टमी ते एकादशी. त्या दिवशीं भरती सहा ते सव्वाआठच्या दरम्यान येते. शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाण्याला ओढ कमी असते, हा आणखी एक लाभ.

आतां शाळेकडे वळूं. शाळा भरते साडेदहाला. एकादशीला सव्वाआठची भरती धरली तरी मुलगी पावणेनऊला पाण्याबाहेर येते. स्नान, जेवण उरकून घंटेपूर्वीं वर्गांत पोंचते. म्हणजे सूट हवीच कशाला? हवी ती फक्त शनिवारीं, कारण शनिवारची शाळा सकाळची. स्पर्धेपर्यंत तीन आठवडे होते. त्यांत पहिला शनिवार शुद्ध दशमीचा आणि तिसरा वद्य नवमीचा निघाला. स्पर्धेचा शनिवार मार्गशीर्ष शुद्ध द्वितीयेस येत होता. त्या दिवशीं भरती दुपारीं दीडला, म्हणजे सकाळीं सातच्या सुमारास पाणी अगदीं तळाला जाऊन मग चढूं लागणार. असलें पाणी मुलीनें आधीं अनुभवलेलें असावें. तसेंच पाणी वद्य द्वितीया-तृतीयेलाही असतें, आणि ती तृतीया सुदैवानें रविवारीं होती. पूर्ण दोन किलोमीटरांची चांचणी त्या दिवशीं ठेवली. एक महिन्याचे अशा रीतीनें चार दिवस झाले. आजोबा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले.

नवा अर्ज मीं सांगितला व त्यांनीं लिहिला तो असा:

"मा. मुख्याध्यापक यांस, सा. न. वि. वि. माझी नात, इयत्ता आठवी, हिनें राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धेंत नांव नोंदविलें आहे. आयोजकांचें सूचनापत्र, नोंदणीची पावती व डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. सरावाचा बेत असा: शुद्ध अष्टमी ते एकादशी सकाळीं एक किलोमीटर, वद्य तृतीयेस, रविवारीं, दोन किलोमीटरांची चांचणी, वद्य अष्टमी ते एकादशी दीड किलोमीटर, शेवटच्या आठवड्यांत दोनच दिवस अर्धा तास, बाकी विश्रांति. प्रत्येक वेळीं सोबत होडी व पोहणारें वडील माणूस असेल. यास्तव पहिल्या व तिसऱ्या शनिवारीं रजा, स्पर्धेपूर्वींचा शुक्रवार नोंदणीसाठीं, आणि स्पर्धेचा शनिवार, अशी चार दिवसांची परवानगी असावी. बुडालेला अभ्यास सोमवारपर्यंत वहींत पुरा करून वर्गशिक्षकांस दाखविण्यांत येईल. मुलगी वर्गांत पेंगूं लागल्यास कृपया कळवावें. सराव त्याच दिवशीं थांबवूं."

पेंगण्याचें वाक्य आजोबांस आवडलें नाहीं. "आपणच आपलें उणें कां दाखवावें?" मीं तें ठेवावयास लावलें. सराव अति झाला कीं तें प्रथम वर्गांतच दिसतें: तिसऱ्या तासाला डोळे मिटूं लागतात, अक्षर सैल पडतें, सोपी बेरीज चुकते. घरांत हें ध्यानांत येत नाहीं, कारण घरीं मूल जेवतें आणि झोपतें. ज्या शिक्षकाला हें पाहावयास सांगितलें, तो बेताचा भागीदार होतो.

मला येथें माझीच एक गोष्ट आठवते. बऱ्याच वर्षांपूर्वीं एका गाणाऱ्या मुलाच्या वडिलांनीं स्पर्धेच्या आदल्या सायंकाळीं चिठ्ठी पाठविली, आणि मीं वर्गशिक्षक या नात्यानें ती नाकारण्याची शिफारस केली. घटकचांचणी दुसऱ्याच दिवशीं होती. नियमानें मी बरोबर होतों. पण त्या मुलाचें तोंड अजून दिसतें. चिठ्ठी आठ दिवस आधीं आली असती तर चांचणी त्याच्यापुरती पुढें नेतां आली असती. एवढ्यासाठीं मीं आजोबांस अर्ज त्याच दिवशीं, वर्गशिक्षकांच्या हातून, पाठवावयास सांगितलें, आणि त्या तीन आठवड्यांत चांचणी आहे का तेंही विचारून घ्यावयास लावलें. एक होती, तीही नेमकी वद्य एकादशीच्या सोमवारीं. त्या सकाळचा सराव आम्हींच वगळला.

आठवीचें वर्ष म्हणून उपस्थितीची फारशी चिंता नव्हती. दहावीचें मूल असतें तर गोष्ट निराळी. तेथें पंचाहत्तर टक्के उपस्थितीचा हिशेब आधीं मांडावा लागतो, आणि आजारपणाचे दिवस त्यांतच धरून ठेवावे लागतात.

तिसऱ्या दिवशीं उत्तर आलें. तिन्ही शनिवार मंजूर. शुक्रवार नामंजूर, कारण नोंदणी सायंकाळीं होती व शाळा पांचला सुटते. आजोबा थोडे रागावले. मीं म्हटलें, "मुख्याध्यापकांनीं सूचनापत्र आपणांपेक्षां नीट वाचलें." खरोखरच वेळ त्यांत छापलेली होती, आम्हां दोघांच्याही चष्म्यांतून ती सुटली. शुक्रवारीं मुलगी शाळेंतून थेट किनाऱ्यावर गेली, दप्तर आजोबांच्या खांद्यावर.