राखीव निधी ठेवला आहे कोठे?

बऱ्हाणपूर आणि रावेर यांच्यामध्ये राज्याची सीमा आहे. पण शेती, सोयरीक आणि गुंतवणूक ही सीमा मानीत नाहीत. तापीकाठच्या एखाद्या मराठी कुटुंबात वर्षातून तीन कागद येतात. रावेरच्या बाजूच्या सहकारी संस्थेचा ‘अहवाल व ताळेबंद’ मराठीत असतो. बऱ्हाणपूरकडील संस्थेचे ‘तुलन पत्र’ हिंदीत येते. मुंबईतल्या ज्या कंपनीचे वडिलांनी कधीकाळी थोडे शेअर घेतले होते, तिचा वार्षिक अहवाल इंग्रजीत येतो. तिन्ही कागदांचा सांगाडा एकच: संस्थेकडे काय आहे, ती कोणाचे काय देणे लागते, आणि मालकांच्या वाट्याला काय उरते. तरीही वाचणारा पहिल्या कागदाशी परिचित, दुसऱ्यापुढे साशंक आणि तिसऱ्यापुढे मुका असतो.

तिसरा कागद मराठीत आणावा, ही मागणी रास्तच आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 136 नुसार लेखापरीक्षित वित्तीय विवरणे सर्वसाधारण सभेच्या निदान 21 दिवस आधी सभासदाला मिळाली पाहिजेत. हे दिवस वाचण्यासाठी, विचारण्यासाठी आणि मत ठरविण्यासाठी आहेत. जो वाचूच शकत नाही, त्याच्या दृष्टीने ते 21 दिवस कोरेच जातात. येथवर आपले दुमत नसावे. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. मराठीत आणलेला ताळेबंद इंग्रजी ताळेबंदाहून अधिक फसवा ठरू शकतो, कारण इंग्रजी शब्द न कळल्यास माणूस विचारतो. ओळखीचा मराठी शब्द दिसला की तो विचारणे थांबवतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण ‘राखीव निधी’ हेच. इंग्रजी ताळेबंदात भागभांडवलाच्या खाली ‘रिझर्व्हज अँड सरप्लस’ ही ओळ असते. अनुवादक विनाविलंब ‘राखीव निधी व शिल्लक’ असे लिहितो. शब्दकोशाच्या दृष्टीने त्यात खोट काढता येणार नाही. पण मराठी वाचकाच्या मनात ‘निधी’ म्हणजे कोठेतरी ठेवलेला पैसा. पूरग्रस्त निधी, मंदिराचा जीर्णोद्धार निधी, सैनिक कल्याण निधी हे सारे पेटीत किंवा बँकेत असलेले पैसे. ‘शिल्लक’ हा शब्द तर थेट गल्ल्यातील रोकडीशी जोडलेला. दोन्ही शब्द एकत्र आले की वाचकाचे चित्र पक्के होते: कंपनीकडे एवढी रक्कम पडून आहे.

हे चित्र त्याने सहकारातून आणलेले आहे, आणि तेथे ते निराधार नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 66 प्रमाणे संस्थेने निव्वळ नफ्याचा निदान चौथा हिस्सा राखीव निधीकडे न्यावा लागतो. त्या निधीचा वापर व गुंतवणूक यांना कायद्याची आणि नियमांची चौकट आहे. पुष्कळ सहकारी ताळेबंदांत डाव्या बाजूस राखीव निधी आणि उजव्या बाजूस त्याची गुंतवणूक अशा जोडीच्या ओळी असतात. तेथे वाचक बोट ठेवून दाखवू शकतो की निधी येथे आहे. कंपनीच्या ताळेबंदात अशी जोडी बहुधा नसते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. यंत्रमागावर कापड विणणाऱ्या एका छोट्या कंपनीचा ताळेबंद असा आहे. सर्व आकडे लाख रुपयांत आहेत. भागभांडवल 20, ‘राखीव निधी व शिल्लक’ 40, बँकेचे कर्ज 22, सूत पुरवणाऱ्यांचे देणे 8. एकूण 90. दुसऱ्या बाजूला घसारा वजा जाता यंत्रसामग्री 50, सूत व कापडाचा साठा 18, ग्राहकांकडून येणे 20, रोख व बँकेतील रक्कम 2. एकूण 90.

छोटा भागधारक हा कागद मराठीत वाचतो आणि सभेत उभा राहतो. चाळीस लाखांचा निधी राखून ठेवला असताना आम्हांला लाभांश का नाही, असे तो विचारतो. चालकांपैकी कोणी उत्तरतो, ‘पैसे नाहीत.’ सभेला वाटते, हा सरळ खोटे बोलतो आहे, कारण कागदावर चाळीस लाख छापलेले आहेत. वस्तुतः दोघेही आपापल्या परीने खरे बोलत आहेत. चाळीस लाख ही मागील वर्षांची न वाटलेली कमाई आहे. ती माग, सूत आणि ग्राहकांची उधारी यांत गुंतून गेली आहे. रोकड फक्त दोन लाख. वीस टक्के लाभांश जाहीर केला तर चार लाख लागतील, आणि कायद्याप्रमाणे ती रक्कम पाच दिवसांत स्वतंत्र बँक खात्यात भरावी लागेल. म्हणजे त्यासाठी आधी साठा विकावा, उधारी वसूल करावी किंवा कर्ज काढावे लागेल.

येथे भांडण पैशाचे दिसते. त्याचे मूळ मात्र एका शब्दात आहे. अनुवादकाने एका हक्काला वस्तूचे नाव दिले. ‘रिझर्व्ह’ हा मालकांचा हक्क आहे. तो किती, एवढेच ती ओळ सांगते. त्या हक्काचे रूप आज काय आहे, हे समोरच्या बाजूस पाहावे लागते.

विशेष म्हणजे हा भेद कायद्याने स्वतःच केलेला आहे. कंपनी कायद्याच्या अनुसूची 3 मध्ये नेहमीच्या कंपन्यांसाठी ताळेबंदाचा जो नमुना आहे, त्यात अशी सूचना आहे की ज्या रिझर्व्हसमोर खास वेगळी काढलेली गुंतवणूक असेल, त्यालाच ‘फंड’ म्हणावे. म्हणजे मूळ भाषेत फंड आणि रिझर्व्ह हे दोन निराळे शब्द जाणीवपूर्वक ठेवले आहेत आणि मराठीत आपण दोन्हींना ‘निधी’ म्हणून तो भेद पुसून टाकतो. त्याच नमुन्याप्रमाणे तोटा साचत गेला तर ही ओळ उणे आकड्यातही दाखवावी लागते. ‘उणे राखीव निधी’ या शब्दांना मराठीत काही अर्थ लागतो का? उणे पैसे पेटीत ठेवता येत नाहीत. ज्या ठिकाणी भाषांतर असे हास्यास्पद होते, तेथे मूळ संज्ञाच चुकीची निवडली गेली होती असे समजावे.

म्हणून माझी सूचना अशी. ‘निधी’ हा शब्द केवळ ‘फंड’साठी राखावा. रिझर्व्हसाठी ‘संचिती’ वापरावा आणि पहिल्या उल्लेखाखाली एक वाक्य द्यावे: ‘ही रक्कम रोख स्वरूपात असेलच असे नाही, ती व्यवसायाच्या मालमत्तेत गुंतलेली असू शकते.’ न वाटलेल्या नफ्यासाठी ‘राखलेला नफा’ पुरेसा आहे. मात्र संपूर्ण शीर्षकाला ‘राखलेला नफा’ म्हणता येणार नाही, कारण त्यात शेअर दर्शनी किमतीहून अधिक भावाने विकल्यामुळे मिळालेले अधिमूल्यही असते, आणि तो नफा नव्हे. हिंदी अहवालांतही ‘आरक्षित निधि’ आणि ‘आरक्षिति’ असे दोन्ही प्रयोग आढळतात. त्यांतील दुसरा या दृष्टीने अधिक काटेकोर आहे.

‘तरतूद’ या शब्दाचीही तीच कथा. अर्थसंकल्पात रस्त्यासाठी तरतूद झाली म्हणजे खर्चायला पैसा मंजूर झाला, असे आपण वाचत आलो. ताळेबंदातील ‘प्रोव्हिजन’ त्याच्या उलट दिशेची आहे. वरच्या उदाहरणात ग्राहकांकडून मूळ येणे 25 लाख होते. त्यांतील पाच लाख बहुधा बुडतील असा अंदाज करून ते वजा केले आणि 20 लाख दाखवले. ही पाच लाखांची ‘तरतूद’. कोणी पाच लाख बाजूला ठेवलेले नाहीत. नफा आधीच तेवढा कमी धरला, एवढेच. संचिती ठरलेल्या नफ्यातून निघते, तर तरतूद नफा ठरण्यापूर्वीच वजा होते. येथे ‘तरतूद’ हा रूढ शब्द मी टाकणार नाही, पण तो एकटा वापरणार नाही. ‘बुडीत होण्याच्या शक्यतेपोटी येण्यातून वजा केलेली रक्कम’ असे एकदा पूर्ण लिहावे, मग पुढे ‘तरतूद’ म्हणावे.

बऱ्हाणपूरच्या वाचकासाठी अनुवाद करताना आणखी एक पथ्य आहे. महाराष्ट्रातील सहकारी अहवालांत मालमत्तेला ‘जिंदगी’ म्हणण्याची जुनी रीत आहे. थकलेल्या, उत्पन्न न देणाऱ्या कर्जांना तेथे ‘अनुत्पादक जिंदगी’ म्हणतात. पुण्याच्या वाचकाला त्यात काही वावगे वाटत नाही. आमच्याकडे, जेथे घरात मराठी आणि बाजारात हिंदी, ‘अनुत्पादक जिंदगी’ म्हणजे फुकट गेलेले आयुष्य. ‘मालमत्ता’ हा शब्द दोन्ही बाजूंना निर्धोक आहे. ‘देनदार’ आणि ‘देणी’ यांतही असाच चकवा आहे. हिंदीत ‘देनदार’ म्हणजे जो आपल्याला पैसे देणे लागतो तो. म्हणून त्याची रक्कम मालमत्तेत. मराठीत ‘देणी’ म्हणजे आपण जे देणे लागतो ते. म्हणून ती विरुद्ध बाजूस. ध्वनी जुळतो आणि बाजू उलटते. येथे ‘ऋणको’ व ‘धनको’ हे पाठ्यपुस्तकी शब्द असले तरी सामान्य वाचकाला ‘ग्राहकांकडून येणे’ आणि ‘पुरवठादारांचे देणे’ अधिक साफ कळते.

कोणी म्हणेल, येथील मराठी माणसाला हिंदी येते, मग हा खटाटोप कशाला? त्याला सुताचा भाव ठरवण्याइतकी हिंदी येते, हे खरे. पण ‘मूल्यह्रास’ आणि ‘आस्तियाँ’ ही बाजारातली हिंदी नव्हे, ती हिंदीभाषकालाही परकीच असते. त्याउलट ‘घसारा’ हा शब्द यंत्रमाग पाहिलेल्या माणसाला आपोआप कळतो. तेवढ्यापुरतीही एक टीप हवीच: बंद पडलेल्या मागावरही घसारा लागतो, कारण हिशोबात तो झिजेचा नसून यंत्राची किंमत त्याच्या वापराच्या वर्षांवर वाटण्याचा असतो.

मराठी ताळेबंद हाती आला की तो चांगला आहे का, हे छोट्या भागधारकाने एकाच कसोटीवर तपासावे. ‘राखीव’ वा ‘तरतूद’ असा शब्द दिसला की त्या ओळीसमोर विचारावे: हा पैसा आज कोणत्या रूपात आहे? त्याचे उत्तर त्याच पानावर मराठीत सापडले, तर अनुवाद झाला. सापडले नाही, तर केवळ लिपी बदलली.