झोपताना एक चमचा

आमच्या शेजारचे अण्णा गेल्या पावसाळ्यात दवाखान्यात भरती झाले. पायात गोळे येत होते, जिना चढवत नव्हता, छातीत धडधडत होतं. घरच्यांना वाटलं हार्टचं असणार. रक्त तपासलं तर पोटॅशियम 2.7. ते साधारण 3.5 ते 5 असावं लागतं. ईसीजीमध्येही त्याचा परिणाम दिसत होता.

डॉक्टरांनी विचारलं, "अण्णा, बीपीच्या गोळीशिवाय आणखी काय घेता?"

"कायबी नाही."

काकू मागून म्हणाल्या, "अहो, ते चूर्ण घेता की रोज."

"ते औषध कुठंय? आयुर्वेदिक आहे ते!"

अण्णांची परवानगी घेऊनच हे लिहितोय. कारण ही डबी आपल्या गावात किती घरांत आहे, हे मला चांगलं माहीत आहे.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. तीस वर्षं पहाटेची गाडी. संडासची जाणीव व्हायची तेव्हा गाडी दोन गावांच्या मध्ये असायची, मग दाबून धरायचं. मळ आतड्याच्या शेवटच्या भागात आला की तिथली भिंत ताणली जाते आणि तो ताण आपल्याला निरोप देतो. निरोप वर्षानुवर्षं टाळला की हळूहळू तो मंद होतो. मळ तिथेच पडून राहतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि तो कडक होतो. रिटायर झाल्यावर अण्णांची तक्रार वाढली. कुणीतरी चूर्ण सुचवलं. पहिल्याच सकाळी पोट असं साफ झालं की अण्णा खूश.

डबीच्या मागे बारीक अक्षरात घटक दिलेले होते. त्यात मुख्य होती सनाय, म्हणजे आपली सोनामुखी. तिच्यातलं द्रव्य मोठ्या आतड्यातले जिवाणू फोडतात, त्यातून जे तयार होतं ते आतड्याला डिवचतं. आतडं जोरात आकसतं, पाणी आत येतं आणि सहा ते बारा तासांत पोट साफ होतं. म्हणून ते झोपताना घ्यायचं. मेडिकलमध्ये मिळणारी बिसाकोडिलची गोळी आणि आजीचं एरंडेल हीसुद्धा डिवचणारीच औषधं. आयुर्वेदिक की अ‍ॅलोपॅथी, हा इथे प्रश्नच नाही.

खरी गोम पुढे आहे. ती मलाही डॉक्टरांनी समजावून सांगितल्यावरच कळली.

नेहमीच्या संडासच्या वेळी मोठं आतडं पूर्ण रिकामं होत नाही. साधारण शेवटचा भाग तेवढा रिकामा होतो, मागचा माल दुसऱ्या दिवशी पुढे सरकतो. जुलाबाचं औषध मात्र मागचंही बरंच काढून टाकतं. मग आतडं पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागणारच. त्या दोन दिवसांत संडास झाली नाही तर ती बद्धकोष्ठता नसते, आत काही साठलेलंच नसतं. पण माणूस घाबरतो, "बघा, चूर्ण सोडलं की होतच नाही!" आणि पुन्हा चमचा घेतो. आतडं पुन्हा रिकामं, पुन्हा वाट बघणं, पुन्हा चमचा. सवय इथेच लागते.

अण्णांचा एक चमचा चार वर्षांत तीन चमच्यांवर गेला. पातळ जुलाबातून पाणी जातं, पोटॅशियम जातं. त्यात त्यांची बीपीची गोळी लघवी वाढवणारी, ती आणखी पोटॅशियम बाहेर काढते. आणि पोटॅशियम कमी झालं की आतड्याचे स्नायूच सुस्त होतात. म्हणजे बद्धकोष्ठतेवरच्या औषधानं बद्धकोष्ठता वाढते, आणि माणूस डोस वाढवतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. "या औषधांनी आतडं कायमचं निकामी होतं" असं जे सर्रास बोललं जातं, ते तसं सिद्ध झालेलं नाही. योग्य डोसमध्ये, थोडे दिवस, डॉक्टरांच्या सल्ल्यानं ही औषधं उपयोगाचीच आहेत. काही पेशंटना डॉक्टर ती जास्त काळही देतात; अशांनी ही पोस्ट वाचून औषध बंद करू नये. धोका आहे तो वर्षानुवर्षं, मोजमाप नसलेल्या, कुणालाच न सांगितलेल्या चमच्याचा.

अण्णांना सलाईनमधून हळूहळू पोटॅशियम दिलं, बीपीची गोळी बदलली. चूर्ण एकदम बंद केलं नाही. दर आठवड्याला थोडं थोडं कमी केलं. जोडीला इसबगोल, तेही भरपूर पाण्यासोबत, कारण पाणी कमी पडलं तर तेच आत अडकतं. सकाळी चहा-नाश्ता झाल्यावर दहा मिनिटं बसायचं, पायाखाली छोटा पाट. खाल्ल्यानंतर आतडं आपोआप हालचाल करतं, त्याचाच फायदा घ्यायचा. पहिले दोन आठवडे घरात भांडणं झाली. पोट फुगायचं, अण्णा डबी शोधायचे, काकू लपवायच्या. सुटायला अडीच महिने लागले. आता एक दिवसाआड होते. डॉक्टर म्हणतात, दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही नॉर्मल असू शकतं. रोज सकाळी झालीच पाहिजे, हा नियम आपणच केलेला.

आता थोडं आपल्या व्यवस्थेबद्दल. ब्रिटनमध्ये 2020 पासून अशा गोळ्यांच्या विक्रीवर बंधनं आली. साध्या दुकानात छोटं पाकीट, तेही फक्त प्रौढांसाठी. मोठं पाकीट हवं तर फार्मासिस्टकडे जायचं. आपल्याकडे सोनामुखीचं चूर्ण किराणा दुकानात बिस्किटांशेजारी मिळतं. घटक छापलेले असतात, पण साठीच्या माणसाला ते भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात काय? "सवय लागत नाही."

आणि ती जाहिरात छापतं कोण? मी ज्या पेपरात काम केलं तिथेही पान तीनवर ती असायची. मी स्वतः ते पान लावलंय. तेव्हा डबी उलटी करून बघावी असं मला एकदाही वाटलं नाही. ही माझी चूक.

माझी मागणी साधी आहे. डबीच्या पुढच्या बाजूला मोठ्या मराठी अक्षरात लिहा: यात सोनामुखी आहे, आठवड्यापेक्षा जास्त डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि "सवय लागत नाही" हे वाक्य छापण्याआधी पेपरवाल्यांनी पुरावा मागा.

तोपर्यंत आज रात्री घरातली डबी उलटी करून वाचा. सनाय, सोनामुखी, सेन्ना किंवा स्वर्णपत्री यातलं काही दिसलं आणि घरातलं कुणी ते महिनोन् महिने घेत असेल, तर पुढच्या खेपेला डबी घेऊनच डॉक्टरांकडे जा. बीपीची, हार्टची गोळी चालू असेल तर थांबूच नका. मळात रक्त, वजन उतरणं किंवा पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय दिसली, तर आधी तपासणी करून घ्या. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वाराही सरत नसेल, तर चूर्णाला हात न लावता सरळ दवाखाना गाठा.

अण्णांना चार वर्षांत कुणी विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही. तुम्ही तुमच्या घरच्या अण्णांना विचारा.