भिंतीवरचे ठिपके आणि वहीतलं १.६

परवा नात तिची प्रॅक्टिकलची वही घेऊन बसली होती. प्रयोग होता सीडीवरच्या दोन रेघांमधलं अंतर लेझरने मोजण्याचा. डोकावून पाहिलं तर उत्तराच्या जागी १.३५ खोडून १.६ मायक्रॉन लिहिलेलं. विचारलं तर म्हणाली, "आबा, पुस्तकात १.६ च आहे. सगळ्यांनी तेच लिहिलंय."

मला राग आला, पण तिचा नाही. उत्तर जुळलं की टिकमार्क करायचा, निरीक्षणं वाचायची नाहीत, हे मीही मास्तर असताना वर्षानुवर्षं केलंय. म्हटलं, चल, घरीच करून बघू.

एक जुनी राइट करायची सीडी काढली. लेबलाच्या बाजूने ब्लेडने चरा पाडला, त्यावर पॅकिंगची चिकटपट्टी घट्ट दाबून ओढली. चमकता थर निघून आला, उरलेला रंग स्पिरिटने पुसला. आता लेझर आरपार जाऊ लागला. सीडी भिंतीला समांतर, बरोबर ५० सेंटिमीटरवर उभी केली आणि पॉइंटरचा झोत तिच्या उजव्या कडेजवळ सरळ सोडला. तिथे रेघा उभ्या असतात, म्हणून ठिपके आडव्या ओळीत पडतात. (झोतात कुणी डोळा घालू नये, हे सांगायला नकोच.) मधल्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन ठिपके दिसले. पहिला २४.० सेंटिमीटरवर, दुसरा ८६.६ वर. डावीउजवीकडची अंतरं सारखी आली, म्हणजे सीडी तिरकी नव्हती. ती सारखी नसतील तर आकडे लिहायच्या आधी सीडी सरळ करावी.

पॉइंटरवर तरंगलांबी लिहिली होती ६५० नॅनोमीटर. नातीने वर्गातल्यासारखंच केलं: ठिपक्याचं अंतर भागिले भिंतीचं अंतर, आणि त्याने तरंगलांबीला भागलं. आलं १.३५. मी म्हटलं, आता दुसऱ्या ठिपक्यावरून काढ, तिथे तरंगलांबी दुप्पट घ्यायची. आलं ०.७५! एकाच सीडीच्या रेघा एकदा १.३५ आणि एकदा ०.७५ कशा असतील? पुस्तक न उघडताच कळलं की चूक हिशेबात आहे.

हिशेबाची ती रीत दोन फटींच्या प्रयोगातली. तिथे पट्टे अगदी जवळजवळ पडतात, कोन इवलासा असतो, म्हणून साइनऐवजी टॅन घेतलं तरी चालतं. इथे पहिला ठिपकाच २५ अंशांच्या पुढे आहे आणि दुसरा ६० अंशांवर. भागायचं ते भिंतीच्या अंतराने नव्हे, तर सीडीपासून ठिपक्यापर्यंतच्या तिरक्या अंतराने. म्हणजे आपला पायथागोरसच. पहिल्यासाठी ५० आणि २४ चा कर्ण ५५.५, म्हणून साइन ०.४३३. दुसऱ्यासाठी ५० आणि ८६.६ चा कर्ण बरोबर १००, म्हणून साइन ०.८६६. दोन्हींवरून रेघांमधलं अंतर आलं १.५० मायक्रॉन. तिसरा ठिपका का दिसत नाही, तेही उलगडलं. त्याला साइन १.३ लागेल, आणि साइन एकाच्या वर जात नाही.

नात खूश झाली, मग पुन्हा हिरमुसली. "तरी १.६ नाहीच ना!"

मी पॉइंटरवरचं लेबल परत वाचलं. ६५०, अधिक-उणे १०. दोन्ही टोकं घेऊन पाहिली तरी उत्तर १.४८ ते १.५३ च्या बाहेर जात नाही. १.६ यायला तरंगलांबी ६९० च्या वर हवी. मग सीडी उलटीसुलटी करून पाहिली. सोलून निघालेल्या पापुद्र्यावर छापलं होतं: ७०० एमबी, ८० मिनिटं.

गंमत इथेच आहे. सीडीच्या प्रमाणात रेघांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, कमीजास्त ०.१ चालेल असं ठरलेलं आहे. ७४ मिनिटांच्या सीडीत ते १.६ च्या आसपास असतं. तेवढ्याच तबकडीवर ८० मिनिटं बसवायची तर रेघा जवळ आणाव्या लागतात, म्हणून या सीडीत ते १.५ च्या आसपास असतं. म्हणजे पुस्तक खोटं नव्हतं, पण ते या सीडीबद्दल बोलत नव्हतं. भिंत बोलत होती.

म्हणून माझं मत असं, की या प्रयोगात गुण १.६ ला देऊच नयेत. दोन ठिपक्यांवरून दोनदा काढलेलं उत्तर जुळतं का, ते पाहून द्यावेत. ज्याचं जुळत नाही त्याने खोडरबर न घेता कर्ण काढावा. आणि ज्याचं जुळून १.५ आलं, त्याने सीडीवरची मिनिटं वहीत लिहावीत.

नातीने १.६ खोडून १.५० लिहिलंय, खाली "८० मिनिटांची सीडी" अशी ओळ टाकून. सोमवारी वही तपासायला जाईल. बघू या, टिकमार्क करणारे मास्तर ती ओळ वाचतात का.