विश्लेषण : मुलाच्या हृदयाच्या झडपेला दोनच पाकळ्या, मग वडिलांचा ‘इको’ कशासाठी?

भरतीच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांना छातीत वेगळा आवाज ऐकू येतो, टू-डी इको होतो आणि अहवालात ‘बायकस्पिड एऑर्टिक व्हॉल्व्ह’ असे लिहून येते. मुलाला काहीच त्रास नसतो. ‘सध्या काळजीचे कारण नाही’ हे वाक्य ऐकून घरचे निश्चिंत होतात आणि फाइल कपाटात जाते. नेमकी चूक इथेच होते.

हा दोष काय आहे?

हृदयातून शरीराला रक्त नेणाऱ्या महाधमनीच्या तोंडाशी तीन पाकळ्यांची झडप असते. साधारण शंभरात एखाद्या-दोघांना ती जन्मतःच दोन पाकळ्यांची असते. पुरुषांत हे प्रमाण अधिक आहे. अनेक वर्षांनी ही झडप अरुंद होऊ शकते किंवा गळू शकते. पण दोष झडपेपुरताच राहील असे नाही. अनेकांत महाधमनीची भिंतही कमकुवत असते आणि ती हळूहळू फुगते. फुगताना दुखत नाही. फाटली तर मात्र काही तासांत जीव जाऊ शकतो.

नंदुरबारमध्ये तो नजरेतून का सुटतो?

सिकलसेल आणि रक्तक्षय या जिल्ह्यात नवे नाहीत. रक्त कमी असले तरी हृदयात आवाज ऐकू येतो, त्यामुळे ‘रक्त कमी आहे, गोळ्या घ्या’ इथेच विषय संपू शकतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी अठराव्या वर्षापर्यंतच असते. त्या वयात ही झडप बहुधा नीट चालत असते, त्यामुळे तिथेही ती निसटते.

आकडा कसा वाचायचा?

धडगावच्या २२ वर्षांच्या तरुणाचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. त्याची झडप थोडी गळते, महाधमनी ४.१ सेंटिमीटर आहे. लगेच शस्त्रक्रिया नको. पण ४ सेंटिमीटरच्या पुढे गेलेल्या महाधमनीवर आयुष्यभर लक्ष ठेवावे लागते. सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा मोजमाप, ते स्थिर असेल तर पुढचे अंतर डॉक्टर ठरवतात. रक्तदाब हाताबरोबर पायातही मोजतात, कारण या दोषासोबत महाधमनी पुढे कुठे अरुंद असू शकते.

आता घरच्यांकडे वळू. आई-वडील, भावंडे आणि मुले यांच्यात हा दोष सापडण्याची शक्यता दहात एकाच्या आसपास धरली जाते. म्हणून सगळ्यांचा इको होतो. त्यात ४८ वर्षांच्या वडिलांची झडपही दोन पाकळ्यांची निघते आणि महाधमनी ४.६ सेंटिमीटर. ते रोज शेतात राबतात, तक्रार कसलीच नाही. शस्त्रक्रियेची नेहमीची मर्यादा ५.५ सेंटिमीटर, जोखीम जास्त असेल तर ५. म्हणजे वडील सुरक्षित?

इथे उंची हिशेबात घ्यावी लागते. वडिलांची उंची १.५८ मीटर. ४.६ सेंटिमीटर व्यासाच्या नळीच्या छेदाचे क्षेत्रफळ १६.६ चौरस सेंटिमीटर येते. त्याला उंचीने भागले की १०.५. हा भागाकार १० किंवा जास्त असेल, तर कुशल केंद्रात शस्त्रक्रियेचा विचार योग्य, असे २०२२ ची अमेरिकी मार्गदर्शिका सांगते. सीटी स्कॅननेही आकडा तेवढाच भरला, तर ज्याच्यासाठी धावपळ झाली तो मुलगा नव्हे, वडीलच आधी शल्यचिकित्सकांकडे जायला हवेत. बुटक्या माणसाला उंच माणसाची फूटपट्टी लावली की असा रुग्ण हातून जातो.

एक सावधगिरी मात्र हवी. दोन तपासण्यांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक केवळ मोजण्यातलाही असतो. गेल्या वर्षी धुळ्याला इको, यंदा सुरतला सीटी आणि ‘वाढले’ म्हणून घबराट, असे होऊ नये. जुनी सीडी सोबत न्यावी, शक्यतो तीच पद्धत वापरावी, दोन्ही चित्रे शेजारी ठेवून मोजायला सांगावे.

मग अडते कुठे?

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा भर रुग्णालयात दाखल करून होणाऱ्या उपचारांवर आहे. शस्त्रक्रियेची वेळ येईपर्यंतची दहा-वीस वर्षांची पाळत, त्यासाठीचा प्रवास आणि बुडालेली मजुरी कुटुंबाच्याच खिशातून जाते. खरे तर एक रुग्ण सापडला की घरच्यांना तपासायचे, ही रीत सिकलसेलमुळे जिल्ह्याला ठाऊक आहे. तसेच एक कार्ड या कुटुंबांना द्यायला काय हरकत आहे? त्यावर महाधमनीचा आकडा, उंची, पुढची तारीख आणि तपासणी राहिलेल्या नातेवाइकांची नावे असावीत. आशाताईंना तारीख कळली तर आठवण करून देता येईल. नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नोंद तिथे ठेवता येईल.

तोवर घरच्यांनी एवढे लक्षात ठेवावे : छातीत किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखी कळ आली, तर अॅसिडिटीची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात झडपेबद्दल सांगावे.